नफा आणि हाती आलेली रोकड

सूचीबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला, की अध्यक्षांचे निवेदन बाजूस ठेवून मी प्रथम रोख प्रवाहाचे पत्रक उघडतो. कारण माल उधारीवर रवाना झाला की विक्री जमाखर्चात चढते व तिजवर नफाही मांडला जातो, परंतु त्या विक्रीचे पैसे वसूल झाले किंवा कसे, हे त्या पत्रकावाचून कळत नाही.

एका कल्पित कारखान्याचे आकडे, कोटी रुपयांत, घेऊ. करपूर्व नफा १००. त्यात रोकड न जाता खर्ची पडलेला घसारा २० आणि पुढे वेगळ्या सदरात दाखवावयाचे व्याज १० मिळविले, की १३० होतात. यानंतर खेळत्या भांडवलाच्या ओळी येतात, आणि माझे अधिकांश वाचन तेथेच चालते. ग्राहकांकडील येणे ६० ने वाढले, गुदामातील माल २५ ने वाढला, पुरवठादारांचे देणे १५ ने वाढले. म्हणजे उरले ६०, आणि २५ कर भरल्यावर ३५. करोत्तर नफा मात्र ७५ दाखविलेला! अशा वेळी मी ताळेबंदाकडे वळतो. विक्री ६०० वरून ६६० झाली असता येणे १२० वरून १८० झाले असेल, तर वसुलीचा काळ सुमारे ७३ दिवसांवरून १०० दिवसांवर गेला, आणि वर्षअखेरीस माल विक्रेत्यांच्या गळ्यात मारून विक्री फुगविली असावी, हा संशय बळावतो. येणे घटलेले दिसले तरी टिपणे वाचावीत. बिले बँकेकडे वटवून, म्हणजे पुढील वर्षाची वसुली आजच उचलूनही, ते घटविता येते.

त्या ३५ मधून यंत्रे व इमारती यांवरील ५० वजा केले, की बाजारात ज्यास फ्री कॅश फ्लो म्हणतात तो उणे १५ येतो. व्याजाचे १० तर अद्याप द्यावयाचेच असतात, कारण भारतीय लेखामानकानुसार ते वित्तपुरवठ्याच्या सदरात बसतात. भांडवली खर्चाची वजाबाकी टाळता येत नाही. अमेरिकेतील वर्ल्डकॉमने २००२ साली उघडकीस आलेल्या प्रकरणात चालू खर्च भांडवली म्हणून नोंदविला, त्यामुळे नफा व व्यवसायातील रोकड दोन्ही फुगली. भांडवली खर्च वजा करणाऱ्याच्या आकड्यात मात्र तो फुगवटा उरत नव्हता.

एका वर्षाच्या उणे आकड्यावरून दोष देणे अन्यायाचे होय, कारण नवा कारखाना उभारणाऱ्यास रोकड लागतेच. म्हणून मी पाच वर्षांची बेरीज करतो. अखेर बँकेतील शिल्लकही तपासावी लागते. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी कबूल केले, की ताळेबंदातील रोकड व बँकशिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. तेव्हा दाखविलेल्या शिलकीच्या मानाने व्याज प्रत्यक्ष जमा होते काय, हे वाचकांनी अवश्य पाहावे.