हॉटेलचं बिल कुणाच्या नावावर?

बंगळूरूहून परतलेल्या एका सर्व्हिस इंजिनिअरचं प्रवासबिल माझ्या टेबलावर आलं, तेव्हा त्यात बावीस कागद होते. प्रत्येक खर्च खरा होता. तरीही ते बिल पाच आठवडे अडकलं. मधल्या काळात त्याच्या क्रेडिट कार्डाचं बिल भरायची तारीख उलटून गेली आणि कंपनीच्या कामासाठी केलेल्या खर्चावर त्याला स्वतःच्या खिशातून व्याज भरावं लागलं. पुण्यातल्या कंपन्यांच्या लेखा विभागांत बिलं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगते, प्रवासबिलाचे वाद बहुतेकदा खोट्या खर्चावरून होत नाहीत. खर्च खराच असतो, पण जो माणूस तिथे नव्हता त्याला तो कागदावरून पटत नाही. अन् त्या वादाची सुरुवात परत आल्यावर नव्हे, तर बुकिंगच्या दिवशी झालेली असते.

या मुलाचा प्रवास साधा होता. व्हाइटफील्डमधल्या एका कारखान्यात मशीन बसवायचं, दोन रात्री, तीन दिवस. विमानाचं तिकीट कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कनं काढलं होतं. हॉटेल त्यानं स्वतः एका पोर्टलवरून घेतलं, कारण कंपनीच्या यादीतली हॉटेलं त्या आठवड्यात भरलेली होती. त्याच्या ग्रेडला बंगळूरूसाठी रात्रीला ४,५०० रुपयांची मर्यादा होती. त्यानं घेतलेली खोली ४,९०० रुपयांची होती. दोन रात्रींचे ९,८०० आणि त्यावर पाच टक्के जीएसटीचे ४९०, असं बिल १०,२९० रुपयांचं झालं.

आता पहिला प्रश्न असा की ही ४,५०० ची मर्यादा करासह धरायची की कराशिवाय? धोरणात ते लिहिलेलंच नव्हतं. कराशिवाय धरली तर दोन रात्रींचे ९,००० आणि कर ४५०, म्हणजे ९,४५० मंजूर आणि ८४० रुपये कापायचे. करासह धरली तर ९,००० मंजूर आणि कापायची रक्कम १,२९०. माझ्या सहकाऱ्यानं १,२९० कापले, मुलगा चिडला आणि दोघांनी एकमेकांना नऊ मेल लिहिले. तुमच्या कंपनीच्या धोरणात हे स्पष्ट नसेल, तर बुकिंगच्या आधी लेखा विभागाला मेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. तोंडी उत्तराचा उपयोग होत नाही, कारण सांगणारा आणि बिल तपासणारा एकच माणूस असेल असं नाही.

पण माझ्या मते खरी चूक ४०० रुपये जास्त देण्यात नव्हती. त्याच्याशी फोनवर बोलले तेव्हा कळलं, की मॅजेस्टिकजवळ त्याला ४,२०० रुपयांची खोली मिळत होती. तिथून कारखान्यात सामान घेऊन जायचं तर टॅक्सीचे जाऊन-येऊन रोज १,४०० रुपये पडले असते. म्हणून त्यानं कारखान्यापासून चालत जाता येईल असं हॉटेल निवडलं. हिशेब मांडून पाहा. खोलीवर दोन रात्रींत करासह १,४७० रुपये जास्त गेले, टॅक्सीचे दोन दिवसांचे २,८०० रुपये वाचले. म्हणजे कंपनीचे १,३३० रुपये त्यानं वाचवले आणि वर स्वतःच्या पैशांवर कात्री लावून घेतली. बिल तपासणाऱ्याला फक्त 'हॉटेल' या सदरातला जादा खर्च दिसतो. न झालेल्या टॅक्सीची पावती कुठून दिसणार?

अशा वेळी बुकिंग करण्याआधी वरिष्ठांना चार ओळींचा मेल पाठवावा. यादीतली हॉटेलं भरलेली आहेत, हा त्याचा स्क्रीनशॉट. हे दोन पर्याय, हा टॅक्सीसह खर्च. मी दुसरा घेतो आहे, मंजुरी द्यावी. उत्तरात 'मंजूर' एवढं आलं तरी पुरे. मेलची तारीख मात्र बुकिंगच्या आधीची हवी. नंतर मागितलेली मंजुरी ऑडिटरला सारवासारव वाटते आणि वरिष्ठांनाही ती देताना अवघडल्यासारखं होतं.

हॉटेलच्या बिलात दुसरीही अडचण होती. त्यावर मुलाचं वैयक्तिक नाव होतं, कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक नव्हता. लोकांना हा लेखा विभागाचा हट्ट वाटतो, पण त्यामागे पैसा आहे. व्यावसायिक खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट कंपनीला मिळू शकते, मात्र त्यासाठी बिल कंपनीच्या क्रमांकावर फाटलेलं लागतं आणि विकणाऱ्यानं ते आपल्या विवरणपत्रात त्या क्रमांकावर दाखवावं लागतं. तुमच्या हातातलं बिल कितीही नीटनेटकं असलं, तरी हे झालं नसेल तर कंपनीला वजावट घेता येत नाही.

यात एक बारकावा आहे आणि तो अनुभवी लोकांच्याही ध्यानात राहत नाही. हॉटेलच्या खोलीवरचा कर, हॉटेल ज्या राज्यात असेल त्या राज्याचा लागतो. बंगळूरूच्या बिलावर केंद्राचा आणि कर्नाटकाचा कर असतो. कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल, तर त्या कराची वजावट पुण्यात मिळत नाही. कर्नाटकात नोंदणीकृत शाखा असेल, तर तिथला क्रमांक द्यावा लागतो. विमानाच्या तिकिटाचं तसं नाही. तिथे प्रवास कुठून सुरू झाला यापेक्षा तिकीट घेणारी नोंदणीकृत कंपनी कुठे आहे हे पाहिलं जातं, म्हणून पुण्याचा क्रमांक चालतो. तेव्हा 'कंपनीचा जीएसटी क्रमांक' असा एकच आकडा पाठ करून ठेवू नका. कुठल्या राज्यात मुक्काम आहे ते सांगून लेखा विभागाकडून क्रमांक मागून घ्या, आणि तो बुकिंग करतानाच भरा. हॉटेलात गेल्यावर नाव नोंदवताना काउंटरवर पुन्हा एकदा सांगा. निघताना बिल हातात पडलं की तिथेच उभं राहून नाव, क्रमांक, तारखा आणि रात्रींची संख्या वाचा. बिल बंद झाल्यावर ते बदलून द्यायला हॉटेलवाले सहसा तयार होत नाहीत.

पोर्टलवरून पैसे आधीच भरले असतील, तर अजून सावध राहावं लागतं. पोर्टलकडून येतं ते बुकिंगचं व्हाउचर. ते कराचं बिल नाही. विमानाचं ई-तिकीटही कराचं बिल नसतं, ते बिल विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून पीएनआर टाकून वेगळं उतरवून घ्यावं लागतं. तिकिटामुळे प्रवास ठरला होता एवढंच सिद्ध होतं, प्रवास झाला हे बोर्डिंग पासवरून कळतं. मोबाइलमधला बोर्डिंग पास पुढे सापडेलच असं नाही, म्हणून विमानात बसण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा.

या मुलाच्या बिलात जेवणाची एक ओळ होती २,३४० रुपयांची, आणि तिला जोडलेला होता यूपीआयचा स्क्रीनशॉट. त्याची दिवसाची जेवणाची मर्यादा होती १,२०० रुपये. स्क्रीनशॉटवर हॉटेलमालकाचं नाव आणि रक्कम, बस्स. यूपीआयच्या नोंदीवरून पैसे कुणाला गेले ते कळतं, कशाचे गेले ते कळत नाही. विचारल्यावर समजलं, की मशीन सुरू झाल्यावर कारखान्याच्या दोन अभियंत्यांना त्यानं जेवायला नेलं होतं. म्हणजे हा खर्च त्याच्या रोजच्या जेवणाचा नव्हताच, तो 'ग्राहक आदरातिथ्य' या सदरातला होता आणि त्या सदराला मर्यादाही वेगळी होती. बिलाच्या मागे दोन पाहुण्यांची नावं, त्यांची कंपनी आणि जेवणाचं कारण लिहिलं असतं, तर प्रश्नच आला नसता. मी त्याला त्या उपाहारगृहाला फोन करायला सांगितलं. तारीख, वेळ आणि रक्कम सांगताच त्यांनी संगणकातून बिलाची दुसरी प्रत काढून व्हॉट्सॲपवर पाठवली. पावती हरवली की लोक हात टेकतात, पण संगणकावर बिल करणाऱ्या बहुतेक ठिकाणी ती पुन्हा मिळते. फक्त लवकर मागायला हवी.

मूळ पावती त्यानं हरवली नव्हती. ती होती, पण कोरी झाली होती. पेट्रोलपंपावर, टोलनाक्यावर, उपाहारगृहात मिळणारी गुळगुळीत पावती उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावर छापलेली असते. त्यात शाई नसते, कागदावरच्या लेपाचा रंग बदलून अक्षरं दिसतात. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली की उन्हानं कागद काळवंडतो, प्लास्टिकच्या पाकिटात किंवा चिकटपट्टीखाली ठेवली की अक्षरं उडतात. लॅमिनेट केली तर यंत्रातल्या उष्णतेनं सगळी काळी होते. टेबलावरून उठण्याआधी तिचा फोटो काढावा, चारही कडा दिसतील असा, आणि मूळ पावती साध्या कागदी लिफाफ्यात ठेवावी.

टॅक्सीच्या पावत्या ॲपमधून मेलवर येतात, तिथे त्रास कमी. पण विमानतळावर चालक म्हणतो, 'ट्रिप कॅन्सल करा, कॅश द्या.' ते ऐकलंत तर पावती गेली, आणि मेलमध्ये उरते रद्द झालेल्या फेरीची नोंद, जी उलट तुमच्याविरुद्ध जाते. रिक्षाला पावती नसते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यासाठी तारीख, कुठून कुठे, काम आणि रक्कम लिहून सही केलेला कागद बहुतेक कंपन्या एका मर्यादेपर्यंत स्वीकारतात. तो त्याच दिवशी लिहावा. महिनाभरानं आठवून लिहिलेले आकडे सगळे शंभर, दीडशे, दोनशे असे गोळाबेरजेचे येतात, आणि तपासणारा तिथेच थांबतो.

शेवटी मी त्या मुलाला सांगितलं, की भांडण सगळ्या बिलावर नको, अडलेल्या दोन ओळींवर कर. बाकीच्या रकमेला आधी मंजुरी मिळू दे. हॉटेलच्या फरकासाठी त्यानं टॅक्सीचा हिशेब जोडून वरिष्ठांची मंजुरी उशिरा का होईना घेतली, आणि आदरातिथ्याची ओळ योग्य सदरात गेली. हॉटेलची रक्कम पूर्ण मिळाली. क्रेडिट कार्डाचं व्याज मात्र कुणीच भरून दिलं नाही, कारण धोरणात त्याला सदर नव्हतं.

म्हणून माझं सांगणं धोरण लिहिणाऱ्यांनाही आहे. खोलीची मर्यादा करासह की कराशिवाय, हे एका वाक्यात लिहा. मर्यादा ओलांडायची असेल तर कुणाची मंजुरी चालते, ते लिहा. आणि कर्मचाऱ्यानं पंधरा दिवसांत बिल द्यावं असा नियम करता, तसं कंपनीनं किती दिवसांत पैसे द्यावेत हेही त्याच्याच खाली लिहा.