तीस लाख शेअर कोणत्या बाजूचे?

शेअरचा भाव वाढला की ‘आज खरेदीदार जास्त होते’ असं सर्रास म्हटलं जातं. पण प्रत्येक सौद्यात एक घेणारा असतो आणि एक देणारा. दहा लाख शेअर विकत घेतले गेले, याचाच अर्थ दहा लाख विकलेही गेले. खरा प्रश्न असतो तो घाई कोणाला होती, हा. घेणाऱ्याला घाई असली तर तो चढ्या भावाने उचलतो. देणाऱ्याला असली तर तो मिळेल त्या भावाला सोडतो. दिवसअखेर हाती येणाऱ्या मोजक्या आकड्यांवरून ही घाई ओळखायचे दोन जुने मार्ग आजही बहुतेक चार्टवर सापडतात.

पहिला मार्ग अमेरिकेतल्या जोसेफ ग्रॅनव्हिल यांनी 1963 साली पुस्तकातून लोकप्रिय केला: ऑन-बॅलन्स व्हॉल्यूम, म्हणजे ओबीव्ही. नियम अगदी सरळ आहे. आजचा बंद भाव कालच्यापेक्षा वर असेल तर आजचं सगळं व्हॉल्यूम बेरजेत मिळवायचं, खाली असेल तर सगळं वजा करायचं, भाव तिथेच राहिला तर बेरीज तशीच ठेवायची. हा आकडा कुठून मोजायला सुरुवात केली त्यावर बदलतो, म्हणून तो किती आहे याला अर्थ नाही. रेषा कुठे चालली आहे, एवढंच बघायचं.

दुसरी अ‍ॅक्युम्युलेशन-डिस्ट्रिब्युशन, म्हणजेच एडी रेषा मार्क चायकिन यांची. ती कालच्या भावाकडे पाहतच नाही. दिवसभरातला उच्चांक आणि नीचांक यांच्यामध्ये बंद भाव कुठे पडला, एवढंच ती विचारते. बंद भाव उच्चांकावर असेल तर सगळं व्हॉल्यूम अधिक, नीचांकावर असेल तर सगळं उणे, बरोबर मध्यावर असेल तर शून्य. मधल्या जागांना त्या त्या प्रमाणात वाटा मिळतो:

```
((बंद − नीचांक) − (उच्चांक − बंद)) / (उच्चांक − नीचांक) × व्हॉल्यूम
```

आता एक काल्पनिक शेअर घेऊ. आधीचा बंद भाव 200 रुपये. सोमवारी तो 198 ते 206 मध्ये फिरून 204 ला बंद झाला, व्हॉल्यूम 10 लाख. मंगळवारी 203 ते 208 मध्ये राहून 207 ला बंद, पुन्हा 10 लाख. इथवर ओबीव्ही 20 लाखांवर आणि एडी 11 लाखांवर पोचते. दोन्ही रेषा वर चालल्या आहेत, तक्रारीला जागा नाही.

बुधवारी काहीतरी बातमी येते. भाव उसळून 218 ला जातो, तिथून विक्रीचा मारा सुरू होतो, 206 चा तळ दिसतो आणि शेअर 208 ला बंद होतो. व्हॉल्यूम 30 लाख. कालच्यापेक्षा भाव एक रुपयाने वर आहे, म्हणून ओबीव्ही सगळेच्या सगळे 30 लाख मिळवून 50 वर जाते. एडीला मात्र बारा रुपयांच्या पट्ट्यात बंद भाव तळापासून अवघ्या दोन रुपयांवर दिसतो. ती 20 लाख वजा करते आणि उणे 9 वर उतरते.

गुरुवारी 204 ते 212 मध्ये फिरून बंद 210, व्हॉल्यूम 8 लाख. शुक्रवारी 209 ते 214 मध्ये बंद 211, व्हॉल्यूम 10 लाख. आठवडा संपताना ओबीव्ही अधिक 68 लाख, एडी उणे 7 लाख. एकाच शेअरचा एकच आठवडा, आणि एक रेषा तेजीला दुजोरा देते तर दुसरी नकार. हा सगळा फरक बुधवारने केला आहे. माझ्या मते अशा वेळी कोणती रेषा बरोबर हे ठरवण्यापेक्षा त्या एका दिवसाकडे वळणं जास्त उपयोगाचं. 218 जवळ कोणीतरी मोठा माल सोडला असण्याची शक्यता इथे ठळक आहे आणि एका रुपयाच्या वाढीवर 30 लाखांचं श्रेय देणाऱ्या ओबीव्हीला ती दिसू शकत नाही.

म्हणून एडी सरस ठरते का? पुढच्या सोमवारी खराब निकाल लागतात. शेअर थेट 195 ला उघडतो, 192 ते 200 मध्ये फिरून 199 ला बंद होतो, व्हॉल्यूम 40 लाख. धारकांचे एका दिवसात बारा रुपये गेले. ओबीव्ही 40 लाख वजा करते. एडीला मात्र बंद भाव दिवसाच्या उच्चांकाजवळ दिसतो, म्हणून ती 30 लाख मिळवते आणि अधिक 23 वर जाते! दोन दिवसांच्या मधला गॅप तिच्या सूत्रात कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या फरकाने उघडणाऱ्या शेअरमध्ये ती एकटी वापरू नये.

व्यवहारात हा पडताळा एका आठवड्यावर न करता भावाच्या दोन शिखरांवर करतात. समजा शेअर 320 ला जाऊन खाली आला आणि पुढे 340 ला पोचला. दुसऱ्या शिखरावर ओबीव्हीनेही आपलं आधीचं शिखर ओलांडलं असेल तर व्हॉल्यूमची साथ आहे. ते मागे राहिलं असेल तर नव्या उच्चांकावर पहिल्याइतका पैसा आलेला नाही. या विसंगतीला डायव्हर्जन्स म्हणतात. मात्र ती किती दिवस चालेल हे रेषा सांगत नाही; भाव त्यानंतरही अनेक आठवडे चढत राहू शकतो. ग्रॅनव्हिल स्वतः जानेवारी 1981 मध्ये ‘सगळं विका’ असा सल्ला देऊन जगभर गाजले. दुसऱ्याच दिवशी डाऊ जोन्स सुमारे 24 अंकांनी कोसळला. ऑगस्ट 1982 मध्ये सुरू झालेल्या प्रचंड तेजीत मात्र ते मंदीचंच भाकीत करत राहिले.

आपल्याकडे या रेषा वाचताना व्हॉल्यूमचा आकडाच आधी तपासावा लागतो. त्यात सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्यांचे इंट्राडे सौदेही मोजलेले असतात. बुधवारसारख्या दिवशी 30 लाखांपैकी डिलिव्हरी किती झाली हे एनएसईच्या रोजच्या आकडेवारीत मिळतं. डिलिव्हरीचं प्रमाण नेहमीपेक्षा खूप कमी असेल तर ती सट्ट्याची उलथापालथ असू शकते. जास्त असेल तर माल खरोखर एका हातातून दुसऱ्या हातात गेला आहे. निर्देशांकातले शेअर बदलतात त्या दिवशी फंडांना ठरावीक माल घ्यावाच किंवा विकावाच लागतो. तेव्हाचं प्रचंड व्हॉल्यूम कोणाच्या मताचं द्योतक नसतं, पण दोन्ही रेषा त्याला पूर्ण वजन देतात.

दिवसभर अप्पर सर्किटला अडकलेल्या शेअरमध्ये तर उच्चांक, नीचांक आणि बंद भाव एकच असतो. वरच्या सूत्रात छेद शून्य होतो, म्हणून बहुतेक प्रणाली तो दिवस शून्य धरतात. खरेदीदारांची सर्वाधिक घाई असलेल्या दिवशीच एडी जागची हलत नाही. आणि शेअरचं दहास एक असं विभाजन झालं असेल तर त्याआधीच्या दिवसांचं व्हॉल्यूम दहापट करून घेतलं आहे ना, हे चार्टवर पडताळावं. तसं केलेलं नसेल तर विभाजनानंतरचा एकेक साधा दिवस आधीच्या दहा दिवसांइतका मोजला जातो आणि रेषेची उडी ही केवळ हिशेबातली चूक असते.