ताट वेगळं नको, खिडकी उघडी ठेवा

घरात कुणाला टीबी झाला की पहिल्यांदा वेगळं होतं ते ताट. मग पेला, मग अंथरूण. पण फुफ्फुसाच्या टीबीचे जंतू पसरतात ते हवेतून. रुग्ण खोकतो, शिंकतो किंवा मोठ्यानं बोलतो, तेव्हा उडालेले अतिसूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. भांड्यांतून टीबी होत नाही. नेहमीच्या साबणानं घासलेलं ताट सगळ्यांना चालतं.

समजा, दोन खोल्यांचं घर आहे आणि काकांच्या थुंकीत जंतू सापडलेत. त्यांची खाट खिडकीपाशी लावा. समोरचं दार उघडं ठेवा, म्हणजे हवा आरपार जाईल. टेबलफॅनचं तोंड खिडकीकडे करा. घरच्यांच्या बाजूची हवा काकांवरून बाहेर गेली पाहिजे, उलटी नको. लहान मुलांना दुसऱ्या खोलीत झोपवा.

काकांनी साधा सर्जिकल मास्क लावायचा, तो त्यांचे कण अडवतो. काकूंना मात्र एन-९५ हवा, कारण साध्या मास्कच्या कडांतून हवा आत शिरते. मास्क लावून दोन्ही तळहात त्यावर ठेवा आणि जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालांवर वारा लागला तर मास्क नीट बसलेला नाही. दाढी असली तरी तो बसत नाही. पदर किंवा रुमाल एन-९५चं काम करत नाही.

औषधं लागू पडली की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो. पण औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत तो काळ लांबू शकतो, म्हणून मास्क कधी काढायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बरं वाटलं तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत. साध्या टीबीचा कोर्स साधारण ६ महिन्यांचा असतो. घरातल्या सगळ्यांची तपासणीही करून घ्या. टीबी नसल्याची खात्री झाली की प्रतिबंधक गोळ्या मिळू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी त्या विशेष गरजेच्या.

हिपॅटायटिस बीचं, म्हणजे ‘बी’ काविळीचं, गणित वेगळं आहे. त्याचे विषाणू रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतात. एका ताटात जेवल्यानं किंवा मिठी मारल्यानं हा आजार होत नाही, त्यामुळे इथे मास्कची गरजच नाही. जपायचं ते न्हाणीघरातल्या फळीवर: दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर. शुगर तपासायची सुईही रुग्णाची स्वतंत्र हवी. वाळलेल्या रक्तात हा विषाणू निदान ७ दिवस टिकतो, म्हणून डाग दिसत नसला तरी दुसऱ्याचं ब्लेड वापरू नये.

रक्त सांडलं तर हातमोजे घालून कागदानं टिपून घ्या. मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी तिथे ओतून दहा मिनिटांनी पुसा. जोडीदार आणि घरच्यांची रक्ततपासणी करा. संसर्ग नसेल आणि संरक्षणही नसेल, त्यांना लस द्या. मोठ्यांना साधारणपणे तीन डोस लागतात: पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा सहाव्या महिन्यात. तिन्ही पूर्ण झाल्यावर जोडीदाराची रक्ततपासणी करून लस लागू पडली का, तेही पाहून घ्या.