खरेदीखत झाले, पण ताबा?

जुना फ्लॅट विकत घेणाऱ्यांवर ही वेळ बरेचदा येते. दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत नोंदले गेले, बँकेचे कर्ज विक्रेत्याला मिळाले, तरी विक्रेता घर सोडत नाही. त्याच्या नव्या घराचे काम अडकलेले असते किंवा मुलीची परीक्षा असते. खरेदीदार मात्र कर्जाचा हप्ता आणि राहत्या घराचे भाडे दोन्ही भरत राहतो.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५५ सांगते की खरेदीदाराने मागितल्यावर विक्रेत्याने ताबा दिला पाहिजे. फोनवर मागितलेले पुढे सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून पहिली मागणी लेखी करावी, आणि संबंध न बिघडता करावी. समजा, पुण्यातल्या एका खरेदीदाराने ८ जूनला असे लिहिले :

‘आदरणीय काका, आपल्या सदनिकेचे खरेदीखत ५ मे रोजी नोंदले गेले व पूर्ण रक्कम आपल्याला मिळाली. ३१ मेपर्यंत घर रिकामे करून देतो, असे आपण म्हणाला होता. खरेदीखतात ताबा दिल्याचे लिहिले असले, तरी घर आजही आपल्याच वापरात आहे आणि किल्ल्या मला मिळालेल्या नाहीत. १५ जूनला सकाळी ११ वाजता सर्व किल्ल्यांसह रिकाम्या घराचा ताबा द्यावा. तो दिवस जमत नसल्यास २० जूनच्या आतली दुसरी तारीख १२ जूनपर्यंत लेखी कळवावी.’

यातले सर्वांत मोलाचे वाक्य खरेदीखतातल्या ताब्याविषयीचे आहे. आपल्याकडे ‘आज रोजी प्रत्यक्ष ताबा दिला’ हा मजकूर सर्रास छापून जातो. वस्तुस्थिती वेगळी असेल, तर ती लगेच कागदावर आणलेली बरी. आणि ‘लवकरात लवकर’ असे कधीच लिहू नये. त्यातून तारीख निघत नाही.

विक्रेता अनेकदा म्हणतो, ‘राहिलेल्या दिवसांचे भाडे घ्या.’ इथे सावध राहावे. भाडे म्हणून पैसे घेतले, पावती दिली, की पुढे तो भाडेकरू असल्याचा दावा करू शकतो आणि साधे प्रकरण गुंतते. पैसे घ्यायचेच असतील, तर ती ताबा उशिरा दिल्याची भरपाई आहे आणि त्यातून भाडेकरूचा हक्क निर्माण होत नाही, असे दोघांच्या सहीने लिहून घ्यावे. मुक्काम महिन्यांवर जाणार असेल, तर वकिलांकडून रीतसर नोंदणीकृत करारच करावा.

पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवावे आणि त्याची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवरही द्यावी. ताबा मिळेल त्या दिवशी वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढावा आणि खऱ्या तारखेची ताबा पावती करावी. त्याआधी ताबा पावतीवर सही करू नये.

तारीख उलटली, तरी कुलूप तोडणे किंवा वीज बंद करणे टाळावे. मालक असूनही आपणच अडचणीत येऊ. पुढची पायरी वकिलाची नोटीस, आणि तीही निष्फळ ठरली तर दिवाणी न्यायालयात ताब्याचा व भरपाईचा दावा. त्या दाव्याला हेच पत्र जोडले जाते.