शोधनिबंधातलं गणित चुकलं तर? २०५ गिगाटन कार्बनच्या आकड्यावर घेतलेल्या आक्षेपाची गोष्ट

कर्जतलगतच्या भिसेगावात पावसाळ्यात नुसता डोंगराकडे कॅमेरा धरला तरी फोटोत सगळं हिरवं दिसतं. घाट चढून पुणं ओलांडलं की चित्र बदलतं. सासवड, बारामतीकडे पाऊस कमी, झाडं विरळ आणि गवताचे माळ मोठे. भिसेगावहून तिकडे जाणाऱ्याला वाटतं, ‘इथली झाडं तोडली असणार, परत लावायला हवीत.’

जुलै २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधावरचा वाद नेमका या समजुतीशी जोडलेला होता. प्रसिद्ध झालेल्या संशोधनात चूक दिसली तर ती कशी दाखवायची, हे त्यातून नीट कळतं.

निबंधात काय म्हटलं होतं?

५ जुलै २०१९ रोजी ‘सायन्स’ या नियतकालिकात ज्याँ-फ्रान्स्वा बास्टां आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. जगात आणखी ०.९ अब्ज हेक्टर वृक्षाच्छादनाला जागा आहे आणि तिथे झाडं वाढली तर २०५ गिगाटन कार्बन साठेल, असा त्यांचा अंदाज होता. एक गिगाटन म्हणजे एक अब्ज टन. हवामान बदलावरचा आजवरचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे वृक्षांचं पुनरुज्जीवन, असं निबंधाच्या सारांशात लिहिलं होतं. जगभरच्या बातम्यांनी हेच वाक्य उचललं.

चूक कुठे होती?

१८ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘सायन्स’नेच या निबंधावरचे आक्षेप छापले. त्यातला एक टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे जोसेफ वेल्डमन आणि इतर ४५ जणांचा होता. या ४६ नावांमध्ये मराठी वनस्पती-अभ्यासक आशिष नेर्लेकर यांचं नाव आहे, तसंच बंगळुरूच्या जयश्री रत्नम आणि महेश शंकरन यांचीही.

त्यांचं म्हणणं होतं की २०५ हा आकडा सुमारे पाचपट फुगलेला आहे. त्यांनी तीन कारणं दिली, आणि त्यातलं पहिलं अगदी साध्या हिशेबाचं होतं.

समजा, एक हेक्टर गवताळ माळ आहे. आकडे फक्त समजण्यासाठी घेऊ. त्याच्या मातीत ६० टन कार्बन आधीपासून आहे. तशाच हवामानातल्या जंगलात माती आणि झाडं मिळून १५० टन कार्बन असतो. माळाचं जंगल झालं तर फायदा किती? १५० मधून ६० वजा केले की ९० टन. पण माळावर झाडं नाहीत म्हणून तिथे कार्बनही नाही असं धरलं, तर पूर्ण १५० टन फायदा दिसतो. जमिनीत आधीच असलेला साठा नवी कमाई म्हणून मोजला जातो. आक्षेपकर्त्यांच्या मते मूळ हिशेबात मातीतला कार्बन असाच फुगला होता.

दुसरं कारण बर्फाळ आणि उंच प्रदेशांचं. तिथे गडद रंगाची झाडं बर्फापेक्षा जास्त ऊन शोषून घेतात. त्यामुळे तिथे झाडं लावून थंडावा मिळण्याऐवजी उष्णता वाढू शकते. तिसरं कारण आपल्या माळांना लागू पडतं. नैसर्गिक गवताळ प्रदेशात झाडं लावणं म्हणजे ‘पुनरुज्जीवन’ नाही. जंगल जिथे नव्हतंच, तिथे परत काय आणणार?

नेर्लेकर यांनी पुढे २०२५ मध्ये दिग्विजय पाटील यांच्यासोबत जुन्या मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातला हा विरळ झाडांचा गवताळ प्रदेश किमान ७५० वर्षांपासून तसाच आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

मग पुढे काय झालं?

मूळ लेखकांना उत्तराची संधी मिळाली. त्यांचं उत्तर आक्षेपांसोबतच छापलं गेलं आणि त्यात त्यांनी आपल्या अंदाजाची बाजू मांडली. नंतर मे २०२० मध्ये निबंधात दुरुस्ती आली. ‘सर्वांत परिणामकारक उपाय’ऐवजी ‘सर्वांत परिणामकारक उपायांपैकी एक’ अशा अर्थाची शब्दरचना झाली. २०५ चा आकडा मात्र तसाच राहिला.

म्हणजे आक्षेप छापला गेला म्हणून मूळ निबंध पुसला जात नाही. दोन्ही बाजू कायमच्या नोंदीत एकमेकांशेजारी राहतात आणि पुढचा अभ्यासक दोन्ही वाचून ठरवतो.

चूक दिसली तर कोणता मार्ग?

आधी चुकीचा प्रकार ओळखावा लागतो. तक्त्यात एकक चुकलं, आलेखावरची नावं उलटी पडली, पण निष्कर्ष तोच राहतो, तर लेखकांना आणि संपादकांना पत्र लिहून दुरुस्ती मागता येते. निबंधाच्या पहिल्या पानावर पत्रव्यवहारासाठीच्या लेखकाचा ईमेल असतो.

हिशेबाची पद्धतच चुकली असेल आणि त्यामुळे निष्कर्ष बदलत असेल, तर टीकात्मक टिपण लिहितात. वेल्डमन आणि सहकाऱ्यांनी हेच केलं. ‘नेचर’मध्ये अशा टिपणांसाठी ‘मॅटर्स अरायझिंग’ नावाचा विभाग आहे. तिथे टिपण पाठवण्याआधी मूळ लेखकांशी संपर्क साधावा लागतो आणि तो पत्रव्यवहार सोबत जोडावा लागतो. शब्दमर्यादा आणि मुदत प्रत्येक नियतकालिकाची वेगळी असते, म्हणून लिहायला बसण्याआधी त्यांची नियमावली पाहावी.

माहितीच बनावट असल्याचा संशय असेल तर मार्ग वेगळा. तेव्हा संपादकांना पुराव्यासह खासगी पत्र लिहावं लागतं. चौकशी लेखकांची संस्था करते आणि निबंध मागे घेतला जाऊ शकतो.

टिपण कशामुळे टिकतं?

चांगलं टिपण छोटं असतं. चूक नेमकी कुठे आहे, हे पहिल्याच परिच्छेदात येतं: कोणतं समीकरण, कोणता तक्ता, कोणतं गृहीतक. त्यानंतर तोच हिशेब दुरुस्त करून पुन्हा मांडलेला असतो. वेल्डमन यांच्या गटाने ‘आकडा मोठा वाटतो’ एवढंच म्हटलं असतं, तर ते मत ठरलं असतं. ‘पाचपट’ म्हणता आलं ते हिशेब पुन्हा केल्यामुळे. म्हणून पहिल्या पत्रात लेखकांकडे मूळ माहिती आणि कोड मागणं उपयोगाचं ठरतं. कधी कधी उत्तरातून आपलीच समजूत चुकल्याचं कळतं आणि प्रकरण तिथेच संपतं.

टिपण परत येतं त्याची कारणंही ठरावीक असतात. दहा मुद्दे एकत्र मांडल्यामुळे मुख्य चूक हरवते. भाषा लेखकांच्या हेतूवर घसरते. किंवा चूक खरी असते, पण तिने निष्कर्ष बदलतो हे दाखवलेलं नसतं.

फॉरवर्ड करण्याआधी

‘अभ्यास सांगतो’ असा मेसेज आला की निबंधाचं मूळ पान उघडा. शीर्षकाच्या आसपास `Erratum`, `Correction` किंवा `Retraction` हे शब्द दिसतात का ते पाहा. मग निबंधाच्या नावाआधी `Comment on` जोडून शोधा.

२०१९ ची बातमी आजही फिरते. तिच्यावरची दुरुस्ती मात्र बहुतेकांपर्यंत पोचलेली नाही.