झेंडा करमुक्त, मग रंगावरच्या कराचे काय?

सुरतच्या दक्षिणेस, उधना ओलांडले की पांडेसरा औद्योगिक वसाहत सुरू होते. येथील प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या आणि छापण्याच्या मिलमध्ये, वर्षभर साड्यांचे व ड्रेस मटेरियलचे ताके निघत असतात. कामगारांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडील मराठी माणसे मोठ्या संख्येने आहेत. २०२२ च्या उन्हाळ्यात सुरतच्या मिलना एक निराळे काम मिळाले. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर तयार केलेल्या आणि पॉलिस्टरच्या राष्ट्रध्वजाला मान्यता मिळाली होती. पाठोपाठ १३ ते १५ ऑगस्ट २०२२ या काळात ‘हर घर तिरंगा’ मोहीम जाहीर झाली आणि पॉलिस्टर कापडाचे माहेरघर असलेल्या सुरतेत तिरंगा छापला जाऊ लागला.

राष्ट्रध्वज वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. यंत्रावर तयार झालेल्या पॉलिस्टरच्या ध्वजालाही ही माफी लागू असल्याचा खुलासा केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये केला. ग्राहकाच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला. मिलच्या हिशेबनिसासाठी तो तिथून सुरू झाला. ज्या यंत्रावर सकाळी साडी छापली, त्याच यंत्रावर दुपारी झेंडा छापला गेला. रंग एकाच पिंपातला आणि वाफ एकाच बॉयलरची. साडीवर कर आकारला जातो, झेंड्यावर नाही. मग रंग आणि कोळसा खरेदी करताना भरलेल्या कराचे काय करायचे?

या कराची मूळ कल्पना साखळीची आहे. व्यापारी खरेदीवर जो कर देतो, तो विक्रीवर गोळा केलेल्या करातून वजा करून उरलेला सरकारजमा करतो. या वजावटीला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. विक्रीवर करच नसेल तर वजावटीचा आधार जातो, म्हणून कायद्याच्या कलम १७ ने करमाफ विक्रीच्या वाट्याचे क्रेडिट परत करायला लावले आहे. माफी नाकारून ‘आम्ही झेंड्यावर पाच टक्के लावतो, क्रेडिट आम्हाला राहू द्या’ असे म्हणण्याची सोयही नाही. माफी बिनशर्त असेल तर कर आकारताच येत नाही.

वाटणी करण्यापूर्वी मात्र एक चाळणी लावावी लागते. काही खरेदी अशी असते की तिचे क्रेडिट कोणालाच मिळत नाही, मग त्याची सगळी विक्री करपात्र का असेना. ही यादी कलम १७ च्या पोटकलम ५ मध्ये आहे. घोटाळे बहुधा यादीतील नावांत होत नाहीत, त्यांच्या कडांवर होतात. चालकासह तेरापर्यंत आसनांच्या मोटारीवरचे क्रेडिट सर्वसाधारण व्यवसायाला मिळत नाही, आणि तिच्या दुरुस्तीचे व विम्याचेही नाही. गाठी वाहणाऱ्या टेम्पोला मात्र ही बंदी लागू नाही. कामगारांच्या जेवणावरचे क्रेडिट बंद आहे, पण उपाहारगृह चालवणे कायद्याने सक्तीचे असेल तर ते मिळते. २०२२ मध्ये ही सक्ती कारखाने अधिनियमाच्या कलम ४६ खाली अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यावर होती. म्हणजे तीनशे कामगारांच्या मिलला जेवणाच्या बिलावर क्रेडिट आणि शेजारच्या दीडशे कामगारांच्या मिलला नाही.

बांधकामाची कड याहून बारीक आहे. स्वतःसाठी शेड उभारली तर त्यावरील कर बुडाला. बॉयलर बसवला तर क्रेडिट मिळते आणि त्याखालच्या पायाचेही मिळते, कारण यंत्राला धरून ठेवणारा पाया कायद्याने यंत्रातच मोजला आहे. कारखान्याच्या आवाराबाहेर टाकलेली पाइपलाइन मात्र यंत्राच्या व्याख्येतून वगळलेली आहे. ‘यंत्र’ कशाला म्हणावे यावर ‘सफारी रिट्रीट्स’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल दिला. पुढे २०२५ च्या वित्त कायद्याने ‘प्लँट किंवा मशिनरी’ या शब्दांतील ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ घातले, तेही १ जुलै २०१७ पासून लागू करून. एका अव्ययासाठी आठ वर्षे मागे जाणारी दुरुस्ती करावी लागली, यावरून त्या शब्दाचे मोल कळावे.

झेंड्यांच्या संदर्भात यादीतील आणखी एक बाब महत्त्वाची आहे. भेट म्हणून किंवा मोफत नमुना म्हणून दिलेल्या मालाचे क्रेडिट मिळत नाही. ऑगस्टमध्ये वस्तीत फुकट वाटलेल्या झेंड्यांच्या कापडावरचा कर म्हणून या बंद यादीतच जातो.

आता हिशेब पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. पांडेसऱ्यातील एक मिल स्वतः कापड विकत घेऊन, छापून विकते. जुलैमध्ये तिने १ कोटी ६० लाख रुपयांचे करपात्र कापड आणि ४० लाखांचे झेंडे विकले. एकूण उलाढाल २ कोटी, त्यात झेंड्यांचा वाटा वीस टक्के. त्या महिन्यात खरेदीवर दिलेला एकूण कर ९ लाख रुपये.

नियम ४२ प्रमाणे या नऊ लाखांतून आधी केवळ झेंड्यांसाठी झालेली खरेदी बाजूला काढायची. झेंड्यांचे ग्रे कापड आणि काठ्या यांवरील १ लाख रुपये असे निघाले. मग बंद यादीतील कर काढायचा. शेडच्या बांधकामावरील १ लाख, मालकाच्या मोटारीची दुरुस्ती व विमा यांवरील ३० हजार आणि फुकट वाटलेल्या झेंड्यांच्या कापडावरील २० हजार, असे मिळून दीड लाख. उरले साडेसहा लाख. त्यातील अडीच लाख केवळ साड्यांच्या ग्रे कापडावरचे आहेत, त्यांना कोणी हात लावत नाही. शेवटी राहिले ४ लाख. रंग, कोळसा, यंत्रदुरुस्ती आणि हिशेब तपासनिसाचे शुल्क यांवरील हा कर दोन्ही मालांसाठी मिळून दिलेला आहे. नियमात त्याला C2 म्हटले आहे. करमाफ विक्री E आणि राज्यातील एकूण उलाढाल F धरली की परत करण्याची रक्कम अशी येते:

```
D1 = (E ÷ F) × C2
   = (40,00,000 ÷ 2,00,00,000) × 4,00,000
   = 80,000
```

हे ८० हजार आणि आधी बाजूला काढलेले अडीच लाख, दोन्ही मासिक विवरणपत्र GSTR-3B च्या 4(B)(1) या रकान्यात दाखवायचे असतात. वरच्या 4(A) मध्ये सगळे क्रेडिट घ्यायचे आणि खाली ते परत करायचे, अशी पद्धत जुलै २०२२ च्या परिपत्रकाने स्पष्ट केली आहे. बंद यादीतील रक्कम वरच गाळून टाकली तर पोर्टलवरील आकडे आणि विवरणपत्र जुळत नाहीत आणि विचारणा येते.

कराच्या दृष्टीने झेंडा मुक्त असला तरी त्याच्या पोटात कर राहिलाच. विकलेल्या झेंड्यांपोटी १ लाख थेट आणि ८० हजार वाटणीतून, असे १ लाख ८० हजार रुपये मिलच्या खर्चात गेले. चाळीस लाखांवर हे साडेचार टक्के होतात. भाव ठरवताना ज्याने हे धरले नाही, त्याचा नफा तेवढा घटला.

महिन्याचा हिशेब नीट केला तरी काम संपत नाही, आणि हंगामी मालात चूक नेमकी इथे होते. झेंडे जुलै-ऑगस्टमध्ये विकले जातात, पण रंग जूनमध्येच भरून ठेवला जातो. जूनच्या विवरणपत्रात करमाफ विक्री शून्य असते, म्हणून त्या रंगावर काहीच परत केले जात नाही. कायद्याने यासाठी वर्षाअखेर पुन्हा एकदा हिशेब करायला सांगितले आहे. आपल्या मिलने ऑगस्टमध्ये आणखी २० लाखांचे झेंडे विकले आणि त्या महिन्यात ४५ हजार परत केले, असे समजू. दोन महिन्यांचे मिळून १ लाख २५ हजार. वर्षाची उलाढाल २० कोटी, झेंडे ६० लाख, म्हणजे तीन टक्के. वर्षभराचे सामाईक क्रेडिट ४५ लाख. त्याचे तीन टक्के १ लाख ३५ हजार. दहा हजार कमी पडले.

ही तूट पुढील वर्षाच्या सप्टेंबरचे विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपूर्वी काढून भरायची असते, आणि तिच्यावर १ एप्रिलपासून १८ टक्के व्याज लागते. ३० सप्टेंबरला भरली तर व्याज सुमारे ९०० रुपये. उलट झाले, म्हणजे महिन्यांत जास्त परत केले असेल, तर तेवढे क्रेडिट त्याच मुदतीत पुन्हा घेता येते. मागितले नाही तर ते आपणहून कोणी देत नाही.

यंत्राचा हिशेब निराळ्या कालगणनेने चालतो. दोन्ही मालांसाठी घेतलेल्या छपाई यंत्रावर ६ लाख कर दिला असेल, तर नियम ४३ प्रमाणे तो साठ महिन्यांत विभागायचा, दरमहा १० हजार. जुलैत वीस टक्के झेंडे होते, म्हणून त्या महिन्याचे २ हजार परत. झेंडा नसलेल्या महिन्यात काही नाही. पण तिसऱ्या वर्षी पुन्हा झेंड्यांचे काम आले, तर जुन्या यंत्राचा हिशेब पुन्हा उघडावा लागतो, हे बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही.

पांडेसऱ्यातील अनेक मिलना यातील काहीच लागू होत नाही, कारण त्या माल विकतच नाहीत. व्यापाऱ्याचे कापड घेऊन, मजुरीवर छापून परत देतात. ही मजुरी, म्हणजे जॉबवर्क, करपात्र सेवा आहे. कापडावर साडी छापली की तिरंगा, त्याने फरक पडत नाही. मिलचे क्रेडिट शाबूत राहते. परतीचा भार झेंडा विकणाऱ्या व्यापाऱ्यावर जातो, आणि मिलने बिलात लावलेला करही त्याला वजा मिळत नाही. एकच झेंडा, पण मालकी कुणाची यावर सारा हिशेब बदलतो.

गोव्यात हाच हिशेब मद्याच्या निमित्ताने येतो. पिण्याचे मद्य या कराच्या कक्षेबाहेर आहे, आणि कक्षेबाहेरची विक्रीही वाटणीच्या वेळी करमाफच मोजली जाते. क्रेडिट घेणाऱ्या, अठरा टक्के दराच्या मोठ्या हॉटेलला वीज दुरुस्तीपासून सुरक्षा सेवेपर्यंतच्या सामाईक करातून बारच्या विक्रीचा वाटा दरमहा परत करावा लागतो. त्यासाठी बारची विक्री मोजताना अबकारी शुल्क आणि व्हॅट वगळायचे असतात. ते न वगळता एकूण बिलाचाच आकडा धरला, तर हॉटेल दर महिन्याला देणे नसलेले क्रेडिट परत करत राहते.