आगाऊ शुल्क आणि पसंतीक्रम

खारघरची वस्ती जशी वाढली तशी तेथील शिक्षणसंस्थांची संख्याही वाढली. अभियांत्रिकीपासून वस्त्रालंकरण तंत्रज्ञानापर्यंतचे अभ्यासक्रम आज या उपनगरात शिकविले जातात. दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये येथील अनेक घरांत एकच प्रश्न चर्चिला जातो : हाती आलेल्या दोन-तीन जागांपैकी पैसे कोठे भरावयाचे, आणि केव्हा?

प्रश्न बिकट होतो तो तारखांमुळे. राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होणारी केंद्रीय प्रवेशप्रक्रिया फेऱ्या-फेऱ्यांनी चालते. खासगी विद्यापीठांची शुल्क भरण्याची मुदत मात्र बहुधा त्यापूर्वीच संपते. समजा, खारघरच्या एका लिपिकाच्या मुलीस पहिल्या फेरीत पाचव्या पसंतीच्या महाविद्यालयात अभियांत्रिकीची जागा मिळाली, आणि एका खासगी विद्यापीठाने विज्ञान पदवीसाठी साठ हजार रुपये आठवड्याच्या आत मागितले. यांपैकी कोणत्या जागेला किती किंमत पडते, हे आधी पाहिले पाहिजे.

केंद्रीय प्रक्रियेतील जागा राखण्यास एक हजार रुपये स्वीकृती शुल्क पुरते. पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यास ती आपोआप कायम होते. अन्यथा विद्यार्थ्याला ती जागा कायम करता येते, किंवा ती हाती ठेवून अधिक चांगल्या जागेसाठी पुढच्या फेरीत उतरता येते. येथेच एक चूक वारंवार घडते. पुढच्या फेरीसाठी पसंतीक्रमाचा अर्ज नव्याने भरावयाचा असतो. त्यातील कोणतीही जागा मिळाली, की आधीची आपोआप रद्द होते; ती परत मागण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून या अर्जात हातच्या जागेपेक्षा निश्चित अधिक हवी असलेलीच महाविद्यालये लिहावीत. 'यादी भरलेली बरी' म्हणून खालची आठ-दहा नावे जोडणारा विद्यार्थी पाचव्या पसंतीची जागा गमावून नको असलेली पदरात पाडून घेतो.

आता साठ हजारांचा विचार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या नियमानुसार परतावा मोजला जातो, तो पैसे भरल्याच्या तारखेपासून नव्हे. संस्थेने अधिकृतपणे जाहीर केलेल्या प्रवेशाच्या अंतिम तारखेपासून. ती तारीख ३१ ऑगस्ट धरू. १२ ऑगस्टला, म्हणजे १९ दिवस आधी, प्रवेश रद्द केला तर सर्व शुल्क परत मिळते. त्यातून फार तर पाच टक्के, आणि तेही पाच हजारांच्या मर्यादेत, कापता येतात. येथे ती रक्कम तीन हजार होते. २० ऑगस्टला रद्द केल्यास नव्वद टक्के, म्हणजे ५४ हजार मिळतात. १० सप्टेंबरला ऐंशी टक्के, २० सप्टेंबरला निम्मे, आणि अंतिम तारखेनंतर तीस दिवस उलटले की काहीच नाही. परत करावयाची अनामत या हिशेबाबाहेर राहते. काही वर्षी आयोगाने याहून सवलत दिली. २०२४ साली ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परताव्याचा आदेश होता. परंतु एका वर्षीचा आदेश पुढच्या वर्षी गृहीत धरता येत नाही.

या हिशेबाचा अर्थ उघड आहे. केंद्रीय फेरी १५ ऑगस्टपूर्वी संपणार असेल, तर साठ हजार भरणे म्हणजे तीन हजार रुपयांचा विमा उतरविणे होय. ती सप्टेंबरात रेंगाळणार असेल, तर तोच विमा बारा ते तीस हजारांचा होतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी अंतिम तारीख लेखी मागावी, आणि प्रवेश रद्द करण्याचा अर्ज दिल्यावर त्याची पोच तारखेसह घ्यावी. तोंडी कळविल्याचा दिवस पुढे सिद्ध करता येत नाही. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत, असेही आयोगाचा हाच नियम सांगतो.

प्रतीक्षायादीचे स्वरूप निराळे आहे. संस्थास्तरावरील जागांसाठी अशी यादी लागते, आणि 'बारावा क्रमांक आहे, होईल काम' एवढ्यावर पालक विसंबतात. बाराव्या क्रमांकाला स्वतःचा अर्थ नसतो. गेल्या वर्षी त्याच शाखेत यादी कोणत्या क्रमांकापर्यंत सरकली, हे विचारल्याखेरीज तो उमगत नाही. शिवाय वरचे विद्यार्थी केंद्रीय फेरीत अन्यत्र गेले, तरच यादी हलते. म्हणजे तिचा निकाल शेवटच्या फेरीनंतरच लागतो. तोवर हातची जागा सोडू नये, आणि केवळ यादीतील नावासाठी पैसे मागितले गेल्यास ते देऊ नयेत.

तथापि सगळा भार विद्यार्थ्याच्या सावधपणावर टाकणे न्याय्य नव्हे. साठ हजार ज्यांना सहज गुंतवून ठेवता येतात, त्यांनाच हा विमा परवडतो. लिपिकाच्या मुलीला मात्र मुदतीच्या धाकाने एक दार आधीच बंद करावे लागते. केंद्रीय फेरीच्या निकालापूर्वी खासगी संस्थांनी पूर्ण शुल्काची मुदत ठेवू नये, आणि परताव्याची अंतिम तारीख प्रत्येक पावतीवर छापावी, एवढे दोन निर्बंध शासनाने घातले, तरी निवड पैशाच्या नव्हे, पसंतीच्या क्रमाने होऊ शकेल.